ड्रिलच्या जुन्या बॅटरीला ‘मेमरी’चा दोष देण्याआधी

निकेल-कॅडमियम बॅटरीच्या कॉर्डलेस ड्रिल आता दुकानात क्वचितच दिसतात, पण सुतारांच्या पेट्यांत, सोसायटीच्या वायरमनकडे आणि घरांच्या माळ्यांवर त्या अजून आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा ड्रिलची मोटर व गिअर ठणठणीत आहेत. तक्रार असते ती बॅटरीची. रात्रभर चार्जिंगला लावली तरी दहा-बारा स्क्रू मारले की ड्रिल मंदावते आणि थांबते. अशा वेळी एक निदान हमखास ऐकू येते: बॅटरीला ‘मेमरी’ लागली आहे, अर्धवट वापरून चार्ज करत गेल्यामुळे तिला तेवढीच सवय झाली आहे. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. ट्रिगर दाबून त्यावर चिकटपट्टी लावायची, चक पूर्ण थांबेपर्यंत ड्रिल फिरू द्यायची आणि मग चार्ज करायचे. माझे म्हणणे असे आहे की ड्रिलच्या बाबतीत हे निदान जवळजवळ नेहमीच चुकीचे असते, आणि हा उपाय तर अजून कामाचा असलेला पॅकही कायमचा निकामी करू शकतो. पॅक सुधारायचा की बदलायचा हे ठरवण्यासाठी एक मल्टिमीटर, गाडीचे दोन दिवे आणि एक-दोन मोकळ्या दुपारी पुरतात.

मेमरी इफेक्ट ही निव्वळ अफवा नाही, तो मूळचा अवकाशातला प्रकार आहे. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी पूर्ण करतो. त्यातला काही काळ तो पृथ्वीच्या सावलीत असतो आणि बॅटरीवर चालतो. उन्हात आला की सौर पट्ट्या तेवढाच चार्ज भरून काढतात. क्षमतेचा ठरावीक हिस्सा वापरायचा, तेवढाच भरायचा, आणि हे चक्र हजारो वेळा अचूक तसेच. अशा वापरातल्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये त्या ठरावीक बिंदूनंतर व्होल्टेज खाली आलेले दिसले, आणि त्यातून हे नाव रूढ झाले. यात कळीचा शब्द आहे ‘अचूक’. प्रत्येक वेळचा वापर काही टक्क्यांनी जरी मागेपुढे झाला, किंवा बॅटरी अधूनमधून पूर्ण भरली गेली, तरी ही सवय जडत नाही. ड्रिल कोणी असे वापरते का? आज पडद्याच्या दांड्यासाठी चार भोके पाडली जातात, परवा कपाट जोडताना साठ स्क्रू मारले जातात, मग महिनाभर काहीच काम नसते. खऱ्या मेमरीला लागणारी शिस्त ड्रिलच्या वाट्याला कधी येतच नाही.

दुसरा मुद्दा याहून ठोस आहे. मेमरीमध्ये आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या बिघाडांमध्ये बॅटरीत साठलेली वीज नाहीशी होत नाही. ती थोड्या कमी व्होल्टेजला बाहेर येते. दर सेलमागे एक दशांश व्होल्टच्या आसपास फरक पडतो. जे यंत्र ठरावीक व्होल्टेजखाली स्वतःहून बंद होते, उदाहरणार्थ जुना व्हिडिओ कॅमेरा, त्याला हा फरक भारी पडतो, कारण बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाच ते बंद होते. जुन्या निकेल-कॅडमियम ड्रिलमध्ये सहसा अशी बंद करणारी सोय नसते. बारा व्होल्टऐवजी अकरा मिळाले तर ती किंचित हळू फिरेल, पण फिरत राहील. म्हणजे तुमची ड्रिल थोडी मंद पण बराच वेळ चालत असेल, तर व्होल्टेजच्या घसरणीचा संशय घ्यायला जागा आहे. ती आधी जोरात चालून मग एकाएकी कोसळत असेल, तर दुखणे वेगळे आहे.

यावर अनुभवी कारागीर म्हणेल, “पण मी पॅक पूर्ण उतरवून पुन्हा भरला आणि तो खरोखर सुधारला.” ते खोटे नाही. चार्जरवर दिवसेंदिवस लावून ठेवलेल्या पॅकमध्ये सततच्या जास्त चार्जिंगमुळे सेलच्या आतल्या पट्ट्यांवरच्या पदार्थाची रचना बदलते आणि व्होल्टेज खाली येते. पुष्कळ दिवस पडून राहिलेल्या पॅकमध्ये कॅडमियमचे बारीक कण एकत्र येऊन मोठे स्फटिक होतात, त्यामुळे रासायनिक क्रियेला मिळणारा पृष्ठभाग घटतो. हे दोन्ही दोष एक-दोन पूर्ण आवर्तनांनी बऱ्याच अंशी जातात. सुधारणा खरी असते, तिला दिलेले नाव तेवढे चुकीचे असते. नावाने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे: मेमरी म्हटले की दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करायचा असा नियम माणूस पाळू लागतो, आणि हा नियमच पॅकला मारतो.

तो कसा मारतो हे समजण्यासाठी पॅकच्या आत पाहायला हवे. बारा व्होल्टच्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे दहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात, १४.४ व्होल्टच्या पॅकमध्ये बारा, अठराच्या पॅकमध्ये पंधरा. हे सेल बहुधा सब-सी मापाचे, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर जाड आणि ४३ मिलिमीटर उंच असतात. सगळ्यांतून एकच प्रवाह जातो, पण सगळ्यांची क्षमता कायम सारखी राहत नाही. मधल्या सेलना उष्णता जास्त सोसावी लागते, एखाद्याची घडणच जराशी कमी असते, आणि वर्षे गेली की हे अंतर वाढते. पॅक वापरता वापरता सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो. बाकीचे नऊ अजून जोरात असतात आणि ते आपला प्रवाह त्या रिकाम्या सेलमधून तसाच रेटत राहतात. त्या सेलचे धन टोक ऋण होते, आत वायू तयार होतो, दाब वाढला की झडपेतून तो बाहेर पडतो आणि त्याबरोबर थोडे विद्युत्द्रवही जाते. तो सेल आणखी दुबळा होतो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर उलटतो. ट्रिगरला चिकटपट्टी लावून पॅक पूर्ण उतरवणे म्हणजे हा छळ मुद्दाम, शेवटपर्यंत करणे. सेल सुटा असेल तर तो पूर्ण उतरवल्याने फारसे नुकसान होत नाही. दहा सेलची माळ तशी उतरवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

दुसरा दोषी म्हणजे ड्रिलबरोबर आलेला स्वस्त चार्जर. पॅक भरला हे ओळखण्याची सोय अशा पुष्कळ चार्जरमध्ये नसते. खोक्यावर तीन ते पाच तास लिहिलेले असते आणि काढणे आपल्यावर सोडलेले असते. रात्रभर राहिला की नको असलेली वीज उष्णता होऊन सेलमध्ये जिरते. त्यात आपल्याकडचा मे महिना, पत्र्याचे शेड आणि कामावरून गरमागरम आणून लगेच चार्जरवर ठेवलेला पॅक असेल, तर आतला विभाजक पडदा झिजतो आणि त्यातून कॅडमियमचे सुईसारखे तंतू वाढून सेल आतून शॉर्ट होतो. हा शॉर्ट सुरुवातीला अर्धवट असतो. सेल चार्ज घेतो, पण दोन-चार दिवसांत आपोआप रिकामा होतो. ‘परवा भरून ठेवली होती, आज पाहतो तर गेली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

आता तपासणी. पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर थंड होऊ द्या आणि मल्टिमीटरने टोकांवरचे व्होल्टेज मोजा. इथे एक फसगत ठरलेली आहे. मीटर १२.२ दाखवतो आणि पॅकवर बारा लिहिलेले असते, म्हणून माणूस समाधान मानतो. पण नुकताच भरलेला निरोगी सेल विश्रांतीनंतर १.३५ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे दहा सेलचे साडेतेरा यायला हवेत. १२.२ हा आकडा नऊ सेलचा आहे. एक सेल मेलेला आहे, आणि तरीही बेरीज पॅकवरच्या आकड्यापेक्षा जास्तच दिसते. भारावाचून घेतलेले माप पुरेसे मात्र नाही, कारण दुबळा सेलही निवांत असताना पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. त्यासाठी भार लावावा लागतो, आणि सर्वांत सोपा भार म्हणजे गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. दिव्याला वायरी जोडून घ्या, त्या पॅकच्या टोकांना क्लिपने लावा, दिवा फरशीवर ठेवा कारण तो चांगलाच तापतो, आणि अंगठी व धातूचे घड्याळ आधी काढून ठेवा. या पॅकचा शॉर्ट हलका नसतो.

१२ व्होल्ट, १.३ अँपिअर-तासाचा एक पॅक उदाहरणादाखल घेऊ. पावणेदोन अँपिअरने तो नवा असताना सुमारे ४४ मिनिटे चालायला हवा. दर मिनिटाला मीटर वाचून आकडे कागदावर लिहीत जायचे. समजा, सुरुवातीला १२.७ आले, पाच मिनिटांनी १२.४, मग बराच वेळ १२.२ वर आकडा स्थिर राहिला. अठराव्या मिनिटाला मात्र तो मिनिटभरातच ११ वर आला. दिवा त्याच क्षणी काढायचा. ही घसरण १.२ व्होल्टची आहे, म्हणजे बरोबर एका सेलची. पॅकचे स्क्रू काढून आत पाहिले तर नऊ सेल १.२२ च्या मागेपुढे आणि एक जवळजवळ शून्यावर सापडेल. अठरा मिनिटे म्हणजे क्षमतेचे चाळीस टक्के, आणि ते चाळीस टक्के त्या एका सेलचे आहेत. उरलेल्या नऊ सेलमध्ये अजून वीज आहे, पण ती वापरता येत नाही. याउलट आकडा पायरी न घेता हळूहळू उतरत गेला, १२, ११.६, ११.२ असा, आणि तिसाव्या मिनिटाच्या सुमारास दहा व्होल्टपर्यंत आला, तर सगळे सेल सारखेच थकले आहेत. आकड्यांतली पायरी आणि उतार यांचा हा फरक पुढच्या सगळ्या निर्णयाचा पाया आहे. म्हणून कागदावर लिहिण्याचा कंटाळा करू नका.

एक तपासणी उरते, कारण ड्रिलची मोटर दिव्यापेक्षा कितीतरी जास्त, जोर लावताना दहा-पंधरा अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढते. पॅक पुन्हा भरून इंडिकेटरच्या जागी गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा दिवा लावा. हा साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. दिवा स्थिर झाल्यावर व्होल्टेज वाचा आणि लहान दिव्याच्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहा. चांगल्या पॅकमध्ये फरक दोन-तीन दशांश व्होल्टचा असतो. फरक एक व्होल्ट किंवा जास्त निघाला, तर सेलच्या आतले द्रव सुकलेले आहे आणि अंतर्गत रोध वाढला आहे. अशा पॅकमधून पंधरा अँपिअर मागितले की पाच व्होल्टच्या आसपास आतच खर्ची पडतात. मोकळी ड्रिल झकास फिरते आणि स्क्रूवर टेकवली की अडते. सुकलेला सेल कोणत्याही आवर्तनाने ओला होत नाही, तेव्हा इथे पुनरुज्जीवनाचा विचार सोडूनच द्यावा. सेलच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमलेली दिसली तरी निष्कर्ष तोच. ती गळून वाळलेल्या क्षाराची असते, हाताला लावू नये.

उतार दिसला आणि रोध बरा असला, तर पुनरुज्जीवनाचा प्रयत्न जरूर करावा, पण तो चिकटपट्टीचा नव्हे. क्रम उलटा आहे: आधी दीर्घ आणि मंद चार्ज, मग मर्यादित उतरवण. क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे आपल्या पॅकला १३० मिलिअँपिअरने, चौदा ते सोळा तास चार्ज द्या. इतक्या कमी प्रवाहाला भरलेले सेल जास्तीची वीज सौम्य उष्णतेच्या रूपात सहन करतात आणि मागे राहिलेल्यांना बरोबरी करायला वेळ मिळतो. यासाठी प्रवाह ठरवता येणारा, निकेल-कॅडमियमची सोय असलेला हॉबी चार्जर लागतो. पॅक भरला की व्होल्टेज किंचित घटते हे पाहून असा चार्जर स्वतः थांबतो, पण इतक्या मंद प्रवाहाला ती घट नीट उमटत नाही, म्हणून वेळ आपणच लावावी. पॅक कोमट लागला तर ठीक, हाताला चटका बसला तर बंद करा. त्यानंतर इंडिकेटरच्या दिव्यावर दहा व्होल्टपर्यंत, म्हणजे दर सेलमागे एक व्होल्टपर्यंत, उतरवा आणि तिथे थांबा. असे दोन किंवा तीन वेळा करून मिनिटे मोजा. वेळ तिसावरून पस्तीस-छत्तीसवर आली तर पॅक ऐंशी टक्क्यांना पोहोचला. तो वापरात ठेवा, आणि ड्रिलचा जोर कमी झाल्याचे जाणवताच चार्जला लावा. तिसऱ्या आवर्तनातही आकडा हलला नाही, तर चौथ्यात हलेल अशी आशा धरू नका.

पायरी दिसणाऱ्या पॅकलाही एकदा मंद चार्ज देऊन पाहायला हरकत नाही, कारण कधी सेल दुबळा नसतो, नुसता मागे राहिलेला असतो. पण त्यानंतर पॅक भरून आठवडाभर ठेवा आणि मग प्रत्येक सेल मोजा. नऊ सेल १.२८ ला आणि एक अर्ध्या व्होल्टखाली असेल, तर तो आतून गळतो आहे. अशा सेलला मोटारीच्या बॅटरीचा किंवा वेल्डिंग मशीनचा झटका देऊन जागे करण्याची युक्ती पुष्कळांना माहीत आहे. झटक्याने आतला धातूचा तंतू जळतो आणि सेल पुन्हा चार्ज घेऊ लागतो, हे खरे. पण ज्या पडद्याला भेदून तो तंतू वाढला, तो पडदा फाटकाच राहतो. काही दिवसांत नवा तंतू त्याच वाटेने येतो. शिवाय सेलच्या आत तीव्र अल्कली असते, आणि ती डोळ्यात उडाली तर इजा कायमची ठरू शकते. थोड्या दिवसांच्या चार्जसाठी हा धोका घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

मग बदलायचे काय? एकच सेल बदलणे स्वस्त वाटते, पण नवा सेल आणि नऊ जुने यांची क्षमता जुळत नाही. पॅक लवकरच पुढच्या दुबळ्या सेलवर अडतो आणि आपण पुन्हा तिथेच येतो. दोन मेलेल्या पॅकमधले चांगले सेल निवडून एक पॅक करता येतो, पण प्रत्येक सेल सुटा मोजून, जवळपास सारख्या क्षमतेचे दहा मिळाले तरच. आणि तेही त्याच वयाचे आहेत हे लक्षात ठेवून. सगळे दहा सेल नवे घालणे हा खरा मार्ग. सेल टॅब लावलेले घ्यावेत किंवा स्पॉट वेल्डिंग करून घ्यावे. थेट सेलवर डाख दिला तर उष्णतेने सील आणि पडदा बिघडतो. जुन्या पॅकमध्ये सेलला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट असेल तर तो नव्या सेलवर तसाच घट्ट बसवा, कारण चार्जर त्याच्या भरवशावर थांबत असतो. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल त्याच मापात जास्त क्षमतेचे मिळतात, पण त्यांना जास्त चार्जिंग निकेल-कॅडमियमइतके सोसत नाही. स्वतः न थांबणाऱ्या जुन्या चार्जरवर ते लवकर मरतात. लिथियमचे तीन सेल एकामागोमाग जोडले की बारा व्होल्टच्या ड्रिलला व्होल्टेज जुळते, मात्र त्यासाठी जास्त प्रवाह देणारे सेल, संरक्षक सर्किट आणि वेगळा लिथियम चार्जर हे तिन्ही लागतात. लिथियमचा पॅक जुन्या निकेल-कॅडमियम चार्जरवर एकदाही लावायचा नाही. त्यातून आग लागू शकते.

खर्चाचा हिशेब मी असा करतो. दहा चांगले सेल, टॅब आणि मजुरी यांची गावातल्या दुकानातली बेरीज घ्या आणि तुमच्या कामाला पुरेल अशा नव्या लिथियम ड्रिलच्या, चार्जर आणि बॅटरीसह, किमतीशी ताडा. बेरीज अर्ध्याच्या आत असेल, चक डगमगत नसेल, गिअर कुरकुरत नसतील आणि चार्जर स्वतः थांबणारा असेल, तर सेल बदला. यांतली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर नवी ड्रिल घ्या. ‘जुने मशीन लोखंडासारखे होते’ ही भावना मला समजते, पण मोजून मिळवलेल्या मिनिटांपुढे तिला वजन देऊ नये. त्यातून निकेल-कॅडमियम हा मागे पडत चाललेला प्रकार आहे. युरोपीय संघात कॉर्डलेस अवजारांना त्यासाठी दिलेली सूट २०१६ अखेर संपली. ज्यात पैसे घालायचे ते सेल पाच वर्षांनी मिळतील का, हा प्रश्न त्यामुळे रास्तच आहे.

काढलेला पॅक कचऱ्यात किंवा फोडण्यासाठी भंगारात देऊ नका. कॅडमियम विषारी आहे, मूत्रपिंडात साठते, आणि सेल उघड्यावर फोडून जाळणाऱ्याच्या श्वासात ते सर्वांत आधी जाते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देण्याची ग्राहकावर. पॅकच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा, गळणारा सेल असेल तर तो स्वतंत्र प्लॅस्टिक पिशवीत बांधा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा शहरातल्या अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राला फोन करून निकेल-कॅडमियम घेतात का ते आधी विचारा.